मुनीमजींचे आभार

माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा लोक मला भेटायला येत आणि त्याच्या बोलण्याची आठवण काढत. कुणाशी कसं बोलावं हे त्याला किती छान कळत होतं, असं म्हणत. मी मान हलवत असे. ते खरंच होतं. त्यातलं बरंचसं त्याने माझ्या शेजारी बसून उचललं होतं, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. मी ते सांगितलंही नाही. मरणाच्या घरात असलं काही बोलायचं नसतं. आता घरात माणसांची वर्दळ थांबली आहे, म्हणून सावकाश लिहितो आहे.

गोंदियाजवळ एकोडीकडच्या आमच्या गावात शेतकऱ्यांच्या सोसायटीची राईस मिल होती. गावातल्या जवळपास प्रत्येक घराचा तिच्यात वाटा होता. मी काही वर्षं शाळेत शिकवून मग सोसायटीचा सेक्रेटरी झालो होतो. माझं काम लिहिण्याचं, यंत्राचं काम भावाचं. तो मिलचा मिस्त्री होता. सत्तरच्या दशकाची ती मधली वर्षं. सरकार धान खरेदी करून तो भरडायला मिलना देई, आणि ठरल्या मुदतीत तांदूळ सरकारी गोदामात पोचवावा लागे. तांदळात कनकी, म्हणजे तुटका दाणा, ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त निघाली की ट्रक परत येई. दोन-तीनदा ट्रक परत आला, किंवा मुदत चुकली, की पुढच्या हंगामात ते काम दुसऱ्या मिलला जाई. सरकारी काम गेलं तर आमच्या मिलला नुसत्या गावच्या धानावर दिवस काढणं शक्य नव्हतं. त्यामुळे दिवाळीपासून होळीपर्यंत आमचा सगळा जीव त्या एका कामात अडकलेला असे.

आणि ते काम अडकलेलं असे रबराच्या दोन रोलांत. जुन्या हलरच्या, म्हणजे दाणा फार तोडणाऱ्या लोखंडी यंत्राच्या, जागी नवं यंत्र आलं होतं. त्यात रबराचे दोन रोल शेजारी शेजारी, उलट दिशेने फिरतात, एक जलद आणि एक मंद. त्यांच्या मधून धान गेला की तूस सुटतं आणि दाणा अख्खा राहतो. रबर झिजतं. जलद फिरणारा रोल आधी झिजतो, म्हणून भाऊ त्यांची अदलाबदल करून दोन्ही सारखे वापरून घेई. तरी भर हंगामात जोडी बदलावीच लागे, आणि नेमक्या त्याच वेळी जिल्ह्यातल्या सगळ्या मिलना जोड्या हव्या असत. उन्हाळाभर पत्र्याखाली तापून कडक झालेलं जुनं रबर कुणीही देई. ते लावलं की कनकी वाढे. ताजी जोडी मिळणं ही खरी गोष्ट होती.

ती आम्हाला गोंदियाच्या एका दुकानातून मिळत असे. दुकान शेठजींचं, पण काउंटर सांभाळत ते मुनीमजी. मध्यम वयाचे, बारीक अंगाचे, खिशात नेहमी लवंगा. ते हिंदीत सुरू करत आणि मराठीत संपवत. पहिल्या वर्षी आमचा एक रोल भर हंगामात फाटला. भाऊ पहिल्या एसटीने गोंदियाला गेला. दुकानात दुसऱ्या मिलवाल्यांची गर्दी होती. मुनीमजींनी त्याला गोदामात नेलं, पेटी उघडून रबर ताजं, मऊ आहे ना ते नख लावून बघायला सांगितलं, आणि जोडी एसटीच्या टपावर चढेपर्यंत स्टँडवर उभे राहिले. संध्याकाळी मिल सुरू झाली.

"दादा, त्या माणसाले काहीतरी द्या लागन," भाऊ आल्या आल्या म्हणाला. त्याच्या हाताला रबराचा काळा रंग होता. "चिन्नोर तांदळाची पायली नेऊन देऊ का?"

"आधी चिठ्ठी लिहू," मी म्हणालो.

"चिठ्ठीनं का होते जी? चिठ्ठी का शिजवून खातात?"

"बस, सांगतो."

तो ऑफिसातल्या बाकावर बसला. मी सोसायटीच्या कागदावर शेठजींच्या नावाने लिहायला घेतलं. मुनीमजींच्या नावाने का नाही, असं त्याने विचारलं. मी सांगितलं की आभार नोकराचे, पण मालकाच्या कानावर पडले तर त्या नोकराला त्याचा उपयोग. आम्ही मुनीमजींना गुपचूप काही दिलं तर ती त्यांची आणि आमची गुपचूप गोष्ट होईल, आणि शेठजींना कळलं तर त्यांच्याच अंगाशी येईल. मग त्याने विचारलं, "आमाले सगळ्यात आधी देल्ली, हे लिहा ना." ते मी लिहिलं नाही. शेठजी चिठ्ठी दुकानात मोठ्याने वाचतील, रांगेतला दुसरा मिलवाला ऐकेल आणि त्याच दिवशी भांडेल. पुढच्या वेळी मुनीमजी घाबरून आम्हाला रांगेत उभं करतील. म्हणून आधी दिल्याबद्दल नव्हे, जपून दिल्याबद्दल आभार मानले. नख लावून रबर बघू दिलं, पेटी एसटीवर चढेपर्यंत थांबले, एवढंच, पण नेमकं. आणि त्यामुळे इकडे काय झालं ते एका वाक्यात लिहिलं: तुमच्या दुकानात उघडलेली पेटी त्याच संध्याकाळी आमच्या गावच्या चुलींपर्यंत पोचली.

"आता पुढच्या साली बी दोन जोड्या ठेवा, हे लिवा," भाऊ म्हणाला.

"ते यात नाही. आभार मानताना काही मागायचं नाही. मागितलं की मागचं सगळं मागण्यासाठीच होतं असं वाटतं. ते श्रावणात वेगळं सांगू, हंगामाच्या आधी, म्हणजे त्यांनाही माल मागवायला वेळ मिळेल."

तो हसला. "तुमी मास्तरच राहिले जी," म्हणाला. पण ते चुलींचं वाक्य त्याने माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

चिठ्ठी त्यानेच नेऊन दिली. शेठजींनी ती खरंच काउंटरवर उभं राहून मोठ्याने वाचली, आणि मुनीमजींच्या पाठीवर हात ठेवला. भावाने येऊन ते सगळं नक्कल करून दाखवलं, शेठजींचा चष्मा कसा घसरला त्यासकट. त्यानंतर आम्ही ते नीट चालवलं. बिल वेळच्या वेळी. श्रावणात चिठ्ठी, की अंदाजे इतका धान येईल, तर दोन जोड्या धराव्यात. शेजारच्या गावच्या मिलवाल्यांना त्याच दुकानाचं नाव सांगायचं. एखाद्या वेळी माल नाही मिळाला तरी तोंड वाकडं करायचं नाही. मुनीमजी आमच्या नावाने पेट्यांवर खडूने खूण करून ठेवू लागले. हंगामात आमची मिल एक दिवसही रबरासाठी बंद राहिली नाही. सोसायटीचे अध्यक्ष, ज्यांना सगळे पाटील म्हणत, एकदा मला म्हणाले, "तुमच्या लेखणीनं बी मिलचा पट्टा फिरते म्हना ना जी."

मग मंडई आली. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, दंडार हा लोकनाट्याचा खेळ, आणि घरोघर पाहुणे. वर्षभरात ज्यांचे काही उपकार आपल्यावर झाले असतील त्यांना मंडईला बोलवायचं असतं. जावई, व्याही, लग्न जमवणारा, बैल बघून देणारा. पाटलांनीच सुचवलं की गोंदियाच्या मुनीमजींना सोसायटीतर्फे बोलवावं. सगळ्यांना पटलं. मीच निमंत्रण लिहिलं. मिलच्या अंगणात त्यांना शेला-नारळ दिला, पाटील दोन शब्द बोलले.

पण माणूस सोसायटीत जेवत नाही. त्याला कुणाच्या तरी घरी जेवावं लागतं. माझ्याकडे त्या वर्षी बायको माहेरी बाळंतपणाला होती, घरात मी आणि आई. आईला दिसत नव्हतं. म्हणून मुनीमजी भावाकडे उतरले. भाऊसुनेने, म्हणजे भावाच्या बायकोने, नव्या धानाचे पोहे केले, वडे केले. भावाची मुलगी तेव्हा लहान होती, ती त्यांच्या मांडीवर जाऊन बसली आणि खिशातल्या लवंगा काढून बघू लागली. मुनीमजींना मूल नव्हतं. जाताना ते भाऊसुनेला म्हणाले, "बहू, अगले साल भी आऊंगा, बोलावलं नाही तरी येईन."

पुढच्या वर्षीही ते आले. निमंत्रण सोसायटीचंच होतं, पण ते एसटीतून उतरून सरळ भावाच्या दारात गेले. मी संध्याकाळी भेटायला गेलो तेव्हा पाट मांडलेले होते. मुनीमजींनी मला हात जोडले आणि सरकून जागा दिली, जशी घरातला माणूस बाहेरच्याला देतो. त्या वेळी मला ते चांगलंच वाटलं.

त्याच मंडईनंतर भावाने मिलचं काम सोडलं. त्याच्या सासऱ्याने मुख्य रस्त्याला जागा घेऊन दिली होती. तिथे तो हलर टाकणार, असं त्याने मला सांगितलं.

"हलर कायले? आपली मिल असताना?" मी विचारलं.

"गावची छोटी-मोठी भरडाई करीन जी. पायली-दोन पायलीवाले तुमच्या मिलवर येऊन कायले बसून राहतीन? तुमचं काम वेगळं, माहं वेगळं."

"सरकारी धान?"

"बाप्पा! तो माह्या हलरवर काहून येईन?"

मला त्याचं वाईट वाटलं नाही. तो हुशार होता, त्याला स्वतःचं काही हवं होतं. मी त्याला जागेच्या पूजेला पाटलांना बोलवायला सांगितलं आणि निमंत्रणाचा मजकूरही लिहून दिला. नव्या मिस्त्रीला त्याने दोन दिवस येऊन काम समजावलं. रोल कधी बदलायचे, अदलाबदल कशी करायची, सगळं. जाताना म्हणाला, "गोंदियाचं मीच पाहीन जी, मुनीमजी मले ओळखतात. तुमाले जायची गरज नाई." मी त्याचे आभार मानले.

संक्रांतीच्या आसपास आमच्या रोलांची झीज वाढली. नव्या मिस्त्रीने दोन्हींची अदलाबदल करून पाहिली, दाब कमी-जास्त केला, तरी चाळणीखाली कनकीचा ढीग वाढतच होता. एक ट्रक गोदामातून परत आला. मुदत जवळ येत होती आणि आवारात सरकारी धानाचं पोतं पोत्यावर चढत होतं. मी भावाकडे निरोप पाठवला, तो सासऱ्याच्या गावी गेला होता. त्या पेट्या तर धरून ठेवलेल्याच आहेत, आणायच्या फक्त, असा विचार करून मीच गोंदियाला गेलो.

मुनीमजी मला पाहून काउंटरच्या बाहेर आले. "अरे बाबूजी, आप! चहा घ्या."

"चहा नंतर. आमच्या दोन जोड्या न्यायच्या आहेत. आजच्या एसटीने."

त्यांनी लवंग तोंडात टाकली. "जोड्या तर गेल्या. भाऊ घेऊन गेले ना. दोन्ही."

"कधी?"

"यंत्र बसवलं तेव्हाच. आणि आता आलेल्या नव्या मालातल्याही त्यांच्याच नावे लिहून ठेवल्या आहेत."

"कसलं यंत्र? त्याचा तर हलर आहे."

"हलर?" ते खरोखर गोंधळले. "हलर कहां बाबूजी, रबरवालंच यंत्र आहे. आम्हीच तर पार्ट दिले."

मी विचारलं की आमच्या नावाच्या पेट्या त्याला कशा दिल्या. मुनीमजी खाली बघत म्हणाले की भावाने सांगितलं होतं, सोसायटीचं आता काही खरं नाही, तिथे भांडणं लागली आहेत, मिल आता मीच चालवून राहिलो. खूण सोसायटीची होती, पण न्यायला नेहमी तोच येत होता. त्यांना वेगळं वाटलं नाही.

"सोसायटीचं सगळं नीट चालू आहे," मी म्हणालो. "आवारात सरकारी धान पडून आहे. मुदत संपत आली आहे. हे तुम्हाला आता कळलं. मग नव्या मालातली एक जोडी तरी आम्हाला द्या."

मुनीमजींनी मला बाजूला घेतलं. मग अगदी हळू म्हणाले, "बाबूजी, तुमची चिठ्ठी शेठजींना आली, मला फार बरं वाटलं. सच कहता हूँ. पण मी तुमच्या भावाच्या घरी जेवलो. त्यांची बेटी मला मामा म्हणते. मी त्यांना जबान दिली आहे. आता त्यांच्या नावाची पेटी उचलून तुम्हाला कशी देऊ? उद्या मी त्या घरी कोणतं तोंड घेऊन जाऊ?"

"निमंत्रण सोसायटीचं होतं, मुनीमजी."

"हां, निमंत्रण सोसायटीचं. पण ताट तर बहूने वाढलं."

मी शेठजींकडे गेलो. ते गादीवर बसून हिशेब बघत होते. ऐकून घेतल्यावर त्यांनी जरा खेद दाखवला आणि सांगितलं की ही जोडीची बाब मुनीमजी बघतात, पुढचा माल आला की सोसायटीलाही देऊ, हमारे लिए तो दोनों घर के हैं. मग मला बरं वाटावं म्हणूनच बहुधा म्हणाले, "आपके भाई बोलते बहुत अच्छा हैं. यंत्र चालू झालं तेव्हा इथे आले, सगळ्या ग्राहकांसमोर मुनीमजींचा हात धरून काय म्हणाले माहीत आहे? म्हणे, तुमच्या दुकानात उघडलेली पेटी त्याच संध्याकाळी आमच्या गावच्या चुलींपर्यंत पोचली. वाह! मुनीमजींच्या डोळ्यांत पाणी आलं."

मी उठलो. पायरीवर मुनीमजींनी जुन्या मालातली एक जोडी पुढे केली. मी नख लावलं. नख उमटलं नाही. तरी मी ती घेतली, कारण रिकाम्या हाताने परत जाणं शक्य नव्हतं.

ती लावल्यावर पहिल्याच घाण्यात कनकी पूर्वीपेक्षा जास्त निघाली.

दुसऱ्या दिवशी मी भावाच्या मिलवर गेलो. तोवर तो परतला होता. रस्त्यावरूनच यंत्राचा आवाज ऐकू आला. तो आवाज मला वर्षानुवर्षं ऐकून पाठ होता, हलरचा खडखडाट तो नव्हता. भाऊ चाळणीजवळ उभा होता. त्याने मुठीत तांदूळ घेऊन माझ्यासमोर धरला, जसा आमच्या मिलमध्ये धरत असे. सगळा दाणा अख्खा.

"पाहा जी," तो म्हणाला.

"हे आमचे रोल आहेत."

त्याने मूठ मिटली. यंत्रावरच्या माणसाला पट्टा काढायला सांगितलं. आवाज थांबला.

"तू मला हलर सांगितलास," मी म्हणालो. "तिकडे सोसायटी मोडली म्हणून सांगितलंस."

"हलर नाई, रबराचं यंत्र म्हणलो असतो तर तुमी पाटलाले सांगतलं असतं. पाटलानं लायसन अडवलं असतं. सांगा, अडवलं असतं का नाई?"

"आणि पेट्या? त्यांच्यावर सोसायटीची खूण होती."

"खूण होती, पण मुनीमजी कोनाच्या घरी आले? दोन साल माह्या बायकोनं त्यायच्यासाठी चूल पेटवली. सोसायटीनं का केलं? नारळ देल्ला." तो चिडून नव्हे, समजावून सांगितल्यासारखं बोलत होता. "दादा, आभार तुमी मानले, हे मी नाई म्हनत नाई. पण तुमचे आभार कागदावर राहिले. माणूस माह्याकडं आला."

"ती चिठ्ठी तुझ्यासमोर लिहिली मी. तुला सगळं सांगत लिहिली."

"तेच तर म्हनून राहिलो. तुमी शिकवलं, मी शिकलो. इतर कोनी शिकलं का?"

त्याच्या चेहऱ्यावर लाज शोधत मी उभा होतो. ती दिसली असती तर कदाचित मला बोलता आलं असतं. त्याने पोत्यावरचं तूस झटकून मला बसायला जागा केली, आणि म्हणाला, "तुमचा सरकारी धान माह्या मिलवर टाका. सोसायटीच्या नावानंच भरडून देतो. मुदतीत देतो. तुमच्या पाटलाची इज्जत राहील. माहा धान मागं ठेवतो, तुमचा पहिले घेतो, मंग?"

मी निघालो. उत्तर मला द्यायचंच नव्हतं. ते सोसायटीला द्यायचं होतं. संध्याकाळी संचालक बसले. कुणी भावाला शिव्या दिल्या, कुणी मला तिरकं विचारलं, "तुमाले मालूम नव्हतं म्हणता जी? सख्ख्या भावाचं?" मी नाही म्हणालो. माझ्यावर किती जणांनी विश्वास ठेवला हे मला कळलं नाही. पाटील मात्र शांत होते. त्यांनी एवढंच विचारलं की मुदत पाळायची की भांडायचं. दोन्ही होणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी आमच्या आवारातल्या पोत्यांच्या गाड्या मुख्य रस्त्याकडे निघाल्या. घराच्या ओट्यावरून मी त्या जाताना पाहिल्या.

भावाने शब्द पाळला. स्वतःच्या ग्राहकांना थांबवून त्याने आधी आमचा धान घेतला. मुदतीच्या आत शेवटचा ट्रक गोदामात गेला, एकही परत आला नाही. सोसायटीचं काम वाचलं, निदान त्या वर्षापुरतं.

मग पाटील ऑफिसात आले. माझ्यासमोरच्या बाकावर, जिथे एके काळी भाऊ बसत असे, तिथे टेकले. काठी मांडीवर आडवी ठेवली.

"एक चिठ्ठी लिहा लागन जी."

"कुणाला?"

"तुमच्या भावाले. आभाराची."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते थट्टा करत नव्हते.

"मले बी गोड नाई लागून राहिलं," ते म्हणाले. "पण आपल्याले रोल कोन देईन आता? मुनीमजी तर त्याचे झाले. पुढच्या साली आपला धान पुन्हा त्याच्याच दारी जाईन. त्यानं आपल्याले पहिला नंबर द्यावा, रांगेत उभं करू नये, एवढं पाहिजे. तुमी चांगलं लिवता. त्याच्या सासऱ्याच्या नावानं लिवा. जागा त्याची, मालक तोच हाय म्हनतात. त्याच्या कानावर पडू द्या."

म्हणजे माझेच सगळे नियम त्यांनी मला परत वाचून दाखवले. ते कुठून आले हे त्यांना आठवत नसावं.

मी पेन उघडलं. सासऱ्याच्या नावाने सुरुवात केली. नेमकं काय केलं ते लिहिलं: स्वतःचं काम बाजूला ठेवून सोसायटीचा धान आधी घेतला, दाण्याकडे स्वतः उभं राहून लक्ष दिलं, ट्रकवर पोती चढेपर्यंत थांबले. पुढच्या वर्षाबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. इतरांना रांगेत थांबावं लागलं, तेही लिहिलं नाही. शेवटी इकडे त्याचा काय परिणाम झाला ते एका वाक्यात लिहायचं होतं. ते वाक्य लिहिताना माझा हात थांबला. पाटील काठीवर बोटं वाजवत बसले होते. चुलींचं वाक्य आता माझं राहिलं नव्हतं, आणि दुसरं काही सुचत नव्हतं. बऱ्याच वेळाने मी लिहिलं की तुमच्यामुळे सोसायटीचा शब्द राहिला. ते खरं होतं, म्हणून लिहू शकलो.

चिठ्ठी पोचली त्याच दिवशी भाऊ माझ्या घरी आला. महिन्याभरात पहिल्यांदा. आईच्या पाया पडला, माझ्यासमोर बसला.

"सासऱ्यानं सगळ्यायले वाचून दाखवली जी," तो म्हणाला. "तुमच्यासारखं कोनालेच लिवता येत नाई." त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. त्याचा आनंद खरा होता. "पुढच्या साली बी तुमचा धान पहिले. फिकर नका करू."

मी बरं म्हणालो. आईने त्याला जेवून जायला सांगितलं, तो जेवला, मी ताटावर बसून भातात बोटं फिरवत राहिलो.

आणि त्याने तेही पाळलं. दर हंगामात आमच्या गाड्या आल्या की तो रांग बाजूला करी. दर वर्षी पाटील, आणि पाटलांनंतर जो अध्यक्ष झाला तो, मला चिठ्ठी लिहायला लावी, आणि मी लिही. तिसऱ्या हंगामाला सरकारी काम थेट त्याच्या मिलला मिळालं, आणि आमची मिल नुसतं गोदाम झाली. तरी गावच्या धानासाठी तो आम्हालाच आधी घेत असे. त्याने एकदा जरी आम्हाला थांबवलं असतं, एकदा तरी उर्मटपणे बोलला असता, तर मी चिठ्ठी लिहायला नाही म्हणालो असतो आणि त्याला जे म्हणायचं होतं ते तोंडावर म्हणालो असतो. तशी वेळ त्याने कधी आणलीच नाही. त्याला सरणावर ठेवलं तेव्हा मी वडीलधारा म्हणून पुढे उभा होतो, लोक वाट बघत होते मी काहीतरी बोलेन म्हणून, आणि मला त्याचे आभार सोडून दुसरं काहीच बोलता येत नव्हतं.